मदत हवी आहे: मीनेचा बुध, गुण −7 की −2?

फेब्रुवारी 2025 मधली ठाण्याची पत्रिका, सायन पद्धतीने. बुध मीनेत 17 अंशांवर, गुरू मिथुनेत. (निरयनात हाच बुध कुंभेत जातो, ती गल्लत इथे नको.)

मीन ही बुधाच्या स्वराशीसमोरची रास, म्हणून −5. तीच त्याची नीच रास, म्हणून आणखी −4. 17 वा अंश बुधाच्याच हद्देत येतो, त्याचे +2. बेरीज −7.

आता लिलीच्या 1647 च्या कोष्टकात स्वराशींच्या अन्योन्य योगाला +5 आहेत, म्हणजे थेट −2. पण गुरूही मिथुनेत दुर्बळच! मला हे +5 फुगवलेले वाटतात. दोन्ही ग्रह असे लंगडे असताना तुम्ही ते पूर्ण धरता, की योग बेरजेबाहेर ठेवून फक्त फलितात वाचता?