अनुभव धागा: डेटिंग अ‍ॅपवरचा पहिला मेसेज. काय लिहिलं की उत्तर येतं?

मीरा_कोथरूड

मॅच झाल्यावर, किंवा हिंजसारख्या अ‍ॅपवर लाइक करतानाच, जी पहिली ओळ लिहायची असते तिच्यासाठी हा धागा. फोटो कुठले लावावेत, भेटायला कुठे जावं, अ‍ॅपवर चांगली माणसं असतात का, हे विषय इथे नकोत. तुम्ही पाठवलेला किंवा तुम्हाला आलेला एखादा खरा मेसेज सांगा. त्याला उत्तर का आलं, किंवा तुम्ही का दिलंत, तेही लिहा. समोरच्याचं नाव आणि ओळख पटेल असं काही लिहू नका.

सुरुवात मी करते. माझ्या प्रोफाइलवर एक फोटो आहे. पेटी, पेटीच्या झाकणावर ऐसपैस झोपलेलं आमचं मांजर आणि बाजूला मी. त्यावर 'हाय' येतात, 'सो क्यूट' येतात आणि 'तुम्ही गाता का?' हाही प्रश्न येतो. शेवटचा त्यातल्या त्यात बरा, पण 'हो, थोडंफार' म्हटलं की विषय संपला.

एकाने लिहिलं, 'पेटी तुमची की मांजराची?' मी बसमध्ये उभी होते. एका हाताने टाइप केलं, 'कागदोपत्री माझी.' त्याचं लगेच आलं, 'मग रियाजाची वेळ कोण ठरवतं?' त्यानंतर पेटी आजोबांची आहे, तिचा एक सूर दमट हवेत अडकतो, मांजराला भाता ओढल्याचा आवाज अजिबात खपत नाही, असं सगळं मीच आपणहून सांगत गेले. त्याने माझ्या दिसण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फोटोतल्या दोन गोष्टी पाहून त्यांची सांगड घातली होती, आणि उत्तराला दोन शब्द पुरत होते.

सह्यभटका

माझा अनुभव सांगतो. तिच्या प्रोफाइलवर हरिश्चंद्रगडाचा फोटो होता. मी लिहिलं, 'कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावणं झालं की लांबूनच नमस्कार?' उत्तर आलं, 'डोकावले! मैत्रिणीने पाय घट्ट धरले होते.' पुढे आम्ही नळीच्या वाटेवर कितीतरी बोललो.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. दोन पर्याय द्यायचे, म्हणजे समोरच्याला विचार करावा लागत नाही. 'चहा की कॉफी', 'डोंगर की समुद्र', काहीही चालतं.

निशिगंधा

सह्यभटका, निम्मं पटलं. पर्यायांमुळे उत्तर सोपं होतं, हे खरंच आहे. पण तिने उत्तर दिलं ते पर्यायांमुळे नाही. कड्याच्या टोकाशी लोक पालथे पडून खाली बघतात, हे तिथे जाऊन आलेल्यालाच माहीत असतं. 'चहा की कॉफी' मला आठवड्यातून कितीतरी वेळा येतं. तो मेसेज मला पाठवलेला नसतो, सगळ्यांना पाठवलेला असतो, आणि ते लगेच कळतं.

मी बरीच वर्षं अ‍ॅप्सवर आहे आणि मित्रमंडळींचे मेसेज तपासून देण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलंय. एक उदाहरण सविस्तर सांगते. एका मुलीने 'यावर माझ्याशी वाद घालू नका' या अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'थालीपीठ दह्याशीच. लोणी नाही.' मित्राने मसुदा पाठवला: 'हाय! तुझं प्रोफाइल खूप आवडलं. मीपण एकदम खवय्या आहे. मला फिरायला आणि पिक्चर बघायलाही आवडतं. तुझ्याबद्दल सांग ना काहीतरी.'

प्रोफाइल आवडलं हे लाइक केल्यावर कळलेलंच असतं, म्हणून ते वाक्य काढलं. खवय्या कोण नसतो? तेही गेलं. फिरणं आणि पिक्चर यांचा थालीपिठाशी काही संबंध नाही. 'तुझ्याबद्दल सांग' ही विनंती दिसते साधी, पण ते चक्क निबंध लिहायला सांगणं आहे. माणूस म्हणतो, रात्री निवांत लिहू, आणि मग ते राहूनच जातं. मी मित्राला विचारलं, 'या वाक्यावर तुला स्वतःला काय वाटलं?' तो म्हणाला, 'दही ठीक आहे, पण भाजणी विकतची असेल तर काय उपयोग?' म्हटलं, हेच लिही. गेलेला मेसेज असा: 'दही मंजूर. पण भाजणी घरची असेल तरच. तुमच्याकडची नक्की घरची असणार, असा माझा अंदाज.'

यात प्रश्नचिन्ह नाही, तरी उत्तर आलं. अंदाज बरोबर असला तर माणूस खूश होतो आणि चुकला तर दुरुस्त करतो, कारण दुरुस्त करायला सगळ्यांनाच आवडतं. उत्तर होतं, 'चूक! आत्याकडची. आईची भाजणी फार खरपूस होते, पण हे आईला सांगायचं नाही.'

पाठवण्याआधी मी दोनच गोष्टी बघते. हाच मेसेज दुसऱ्या कोणाला जसाच्या तसा पाठवता येईल का? येत असेल तर पुन्हा लिहायचा. आणि तिने एका शब्दात उत्तर दिलं तर पुढे मला काय म्हणायचंय, हे माझ्याकडे आहे का? नसेल तर तो विषय आपला नाही, प्रोफाइलमधलं दुसरं काहीतरी उचलायचं.

वसंत ना. (नाशिक)

चांगला विषय. मुलासाठी आम्ही विवाहसंस्थेच्या साइटवर नाव नोंदवलं आहे. मी पहिल्याच मेसेजमध्ये शिक्षण, पगार, गोत्र आणि पत्रिका जोडून पाठवतो, म्हणजे समोरच्यांचा वेळ जात नाही. तरी दहातून एखादंच उत्तर येतं. यात काय बदलावं?

मीरा_कोथरूड

काका, इथे मुलं-मुली एकमेकांना स्वतः लिहितात त्याबद्दल चाललंय. स्थळाच्या साइटवर बहुतेकदा आईवडील वाचतात आणि त्यांना तुम्ही देता तीच माहिती हवी असते, त्यामुळे ती गाळा असं मी म्हणणार नाही. पण मुलीच्या माहितीतलं नेमकं काय पाहून तुम्ही लिहिताय, ते एका वाक्यात वर घालून बघा. आणि जमलं तर ते वाक्य मुलाला लिहू द्या.

रुता

नेमकेपणाची दुसरी बाजू मला सांगायची आहे. माझा एक फोटो घराच्या गॅलरीतला होता. एकाचा पहिलाच मेसेज आला, 'मागे पूल दिसतोय, म्हणजे तुम्ही अमुक सोसायटीत, वरच्या मजल्यावर, बरोबर?' सोसायटीचं नाव बरोबर होतं. त्याचा हेतू वाईट नसेलही, पण मी त्याला ब्लॉक केलं आणि फोटो काढून टाकला. दुसऱ्याने माझं इन्स्टाग्राम शोधून चार वर्षांपूर्वीच्या नाटकाबद्दल विचारलं. प्रश्न छान होता, पण मला तो नको होता.

मी जे प्रोफाइलवर सांगितलंय त्यावर जरूर बोला. तुम्ही शोधून काढलेलं माझ्यासमोर ठेवलंत की मला पाळत वाटते. गड, पदार्थ, पुस्तक, मांजर यांबद्दल काहीही विचारा. घर, ऑफिस, येण्याजाण्याची वेळ हे माझ्याकडून येईल तेव्हा येईल.

अनामिक_मुंबई

मी गे आहे आणि आमच्याकडच्या बऱ्याच प्रोफाइल्सवर चेहरा नसतो, माहिती एक ओळ. घरी कळू नये म्हणून लोक मुद्दामच कमी लिहितात. तिथे नेमकं पकडायचं तरी काय? एकाच्या प्रोफाइलवर फक्त 'लातूर, सध्या मुंबई' एवढंच होतं. मी लिहिलं, 'मी मूळचा सोलापूरचा, इथे कडक भाकरी शोधत फिरतो. तुमची शोधाशोध कशाची?' दोन मिनिटांत उत्तर: 'निलंगा राईस.'

प्रोफाइल रिकामी असेल तर आधी स्वतःचं काहीतरी छोटं द्यावं, मग विचारावं. नुसतं विचारलं की चौकशी वाटते, आणि आमच्यात चौकशीची भीती फार असते. रुताचा मुद्दा इथे दुप्पट लागू आहे. 'फोटो पाठव' हा पहिला मेसेज तर नकोच.

स्नेहल_ठाणे

बंबलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिथे स्त्री-पुरुष मॅच झाली की पहिला मेसेज बाईने करायचा आणि त्यासाठी 24 तास. ऑफिसमधून दमून आल्यावर प्रत्येकाचं प्रोफाइल वाचून ओळ सुचवायची म्हणजे जिवावर येतं. 2024 पासून त्यांनी सोय दिली की आपण एक प्रश्न ठरवून ठेवायचा, मॅच झालेल्याने त्याचं उत्तर देऊन सुरुवात करायची. निशिगंधाच्या कसोटीत हा बसत नाही, सगळ्यांना एकच प्रश्न जातो. पण प्रश्न असा ठेवला की उत्तर ज्याचं त्याचं वेगळं यावं, तर चालतं. माझा आहे, 'तुमच्या गावच्या एसटी स्टँडवर काय खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही?' कोणी वडापाव लिहून थांबतो. एकाने भेळवाल्याच्या गाडीचं तोंड कुठल्या फलाटाकडे असतं इथपासून वर्णन केलं. कोणाशी बोलायचं ते मला तिथेच कळलं.

फ्रँकफर्टकर

इकडे मराठी प्रोफाइल क्वचित दिसते. दिसली की माझं घोडं तू की तुम्ही इथे अडतं. 'तू' लिहिलं तर सलगी वाटेल, 'तुम्ही' लिहिलं तर बँकेतून फोन आल्यासारखं. म्हणून इंग्रजीत लिहितो, पण मग मजा जाते. बाकीचे काय करतात?

निशिगंधा

सह्यभटकाचं वाक्य पुन्हा वाचा: 'डोकावणं झालं की'. तिथे तू-तुम्ही लागलंच नाही. पहिल्या ओळीपुरतं हे निभतं. नंतर समोरचा ज्यावर येईल त्यावर जायचं.

सह्यभटका

ते मी ठरवून केलं नव्हतं, पण बरोबर आहे. मला मात्र थेट 'तू' आवडतं. अ‍ॅपवर 'अहो' वाचलं की मी दोन पावलं मागे सरतो.

वैदेही_४७

मी घटस्फोटित, मुलगी बारावीत, आणि हे दोन्ही प्रोफाइलवर स्पष्ट लिहिलंय. वरचे मेसेज वाचायला छान आहेत, पण माझ्या वयात नुसत्या गमतीदार ओळीने मला विश्वास वाटत नाही. फोटोतल्या बुलेटवर चटकदार काहीतरी लिहिणारे पुष्कळ येतात. मुलीचा विषय निघाला की गप्प होतात.

मी उत्तर दिलं तो मेसेज असा होता: 'मुलीची बारावी म्हणजे घरात सध्या तिचंच वेळापत्रक असणार. सवडीने उत्तर द्या, परीक्षेनंतर दिलंत तरी चालेल. तोवर एवढंच: बुलेटवर पुढे कोण बसतं, तुम्ही की ती?' त्याने अवघड गोष्ट वाचली होती आणि तिला वळसा घातला नव्हता. मी त्याच रात्री लिहिलं, 'पुढे मीच. ती मागून दिशा सांगते.'

अनामिक_मुंबई

वैदेहीताई, हा मेसेज मी जपून ठेवतोय. एक विचारायचं होतं सगळ्यांना. नीट लिहूनही उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहावं का?

मीरा_कोथरूड

माझ्या मते एकदा लिहावं, तीनचार दिवसांनी, आणि नव्या विषयावर. 'बिझी का?' किंवा नुसतं प्रश्नचिन्ह नको. मांजराच्या फोटोवर उत्तर द्यायचं राहून गेलेल्या एकाला मी त्याच्या दुसऱ्या मेसेजवर उत्तर दिलंय.

रुता

मी नाही म्हणेन. उत्तर न देणं हेही माझं उत्तरच असतं, दुसरा मेसेज आला की ते पुन्हा द्यावं लागतं.

निशिगंधा

हे प्रोफाइल बघून ठरवावं लागेल असं मला वाटतं. आणि उत्तर न येण्याची निम्मी कारणं मेसेजमध्ये नसतातच. कोणी अ‍ॅप काढून टाकलेलं असतं, कोणाचं दुसरीकडे जुळलेलं असतं. त्यापायी चांगली ओळ बदलत बसू नका.