घामाच्या दिवसांतला घड्याळाचा पट्टा

> ‘ऑफिस, संध्याकाळचे बॅडमिंटन आणि मुंबईचा घाम, सगळ्याला एकच पट्टा चालेल का?’

चालेल, पण तो चामड्याचा नसावा. चामडे घाम शोषून घेते. आधी आतली बाजू बकलाच्या भोकांभोवती काळवंडते, मग वास येऊ लागतो आणि शेवटी शिवणीपाशी थर सुटतात, आणि धुऊन ते पूर्ववत होत नाही. वातानुकूलित कार्यालयापुरते ते शोभते.

स्टीलमध्ये घाम मुरत नाही, मात्र उकाड्यात मनगट किंचित फुगत असल्याने क्लॅस्पमध्ये, म्हणजे पट्टा बंद करायच्या खटक्यात, बारीक फेरफाराची सोय असलेलाच पट्टा घ्यावा. रॅकेट फिरवताना त्याचे वजन जाणवते, म्हणून खेळाला सिलिकॉन बरे. पण त्याखाली घाम अडकून पुरळ उठू शकते, त्यामुळे खेळ संपताच पट्टा आणि मनगट दोन्ही धुऊन कोरडी करावीत. नायलॉनचा कापडी पट्टा हलका असतो, धुताही येतो, पण पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही.

माझा कल एकाऐवजी दोन पट्ट्यांकडे आहे, कामाला स्टील आणि खेळाला सिलिकॉन. घड्याळाला पट्टा जिथे जोडला जातो त्या दोन लग्जमधले अंतर मोजून (बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर) क्विक रिलीज पिनचे पट्टे घेतल्यास ते हत्याराविना, नुसत्या नखाने बदलता येतात.