'रीच'ला पोहोच म्हणावं का? मराठी रिझ्युमेतल्या चार आकड्यांचे शब्द

वारणाकाठ: मी सांगलीत विश्रामबागला राहते. द्राक्षबागेच्या फवारणीचे ब्लोअर विकणाऱ्या एका शोरूमच्या फेसबुक आणि इन्स्टाच्या जाहिराती दीड वर्ष सांभाळल्या. आता एका संस्थेत डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्हची जागा निघाली आहे आणि त्यांनी अर्ज, रिझ्युमे दोन्ही मराठीत मागितले आहेत. छाटणीच्या हंगामातल्या तीन महिन्यांच्या कामाबद्दल मी हे वाक्य लिहिलंय:

"३,६०,००० लोकांपर्यंत पोच, रूपांतर दर ६ टक्के, प्रति लीड खर्च १२० रुपये, अनुयायांमध्ये १५० टक्के वृद्धी."

वाचताना कानाला खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही. पोच की पोहोच? रूपांतर बरोबर आहे का?

दगडी पाटी: माझ्या पुतणीच्या बायोडाटात आम्ही उंची, शिक्षण, गोत्र आणि मामाचं गाव असं लिहिलं होतं. तुमच्यात पत्रिकेची ओळ दिसत नाही, ती आधी घाला.

वारणाकाठ: काका, हा नोकरीचा आहे.

दगडी पाटी: असं होय. आमच्याकडे बायोडाटा म्हटलं की लग्नाचाच. मग वर 'रिझ्युमे' असंच लिहा, घोळ होणार नाही.

जुनी शाई: चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्या सवयीने सांगतो. 'पोच' इथे नको. पोच म्हणजे पैसे किंवा पत्र मिळाल्याची कबुली, म्हणूनच आपण पोचपावती म्हणतो. शिवाय 'त्याला पोच नाही' म्हणजे समज नाही. 'पोहोच' बरी, पण तिलाही एक वास आहे. 'त्याची मंत्रालयापर्यंत पोहोच आहे' म्हटलं की वशिला डोळ्यांसमोर येतो. तेव्हा नाम टाळा आणि क्रियापद वापरा. 'जाहिरात इतक्या जणांपर्यंत पोहोचली.' मराठीला असं चालतं वाक्य आवडतं, नामांची माळ नाही.

'अनुयायी' मात्र काढाच. अनुयायी महाराजांचे असतात, ब्लोअरच्या पेजचे फॉलोअर असतात.

हळदपेठ: रीच म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली ते. म्हणून 'जाहिरात ३,६०,००० वेळा दिसली' असं सरळ लिहा की. माझ्या भावाच्या दुकानाचं पेज मीच बघतो.

आकडेमोड: किती वेळा दिसली ते Impressions मध्ये मोजतात, Reach मध्ये नाही. रीच डोकी मोजते. एकाच बागायतदाराला जाहिरात चारदा दिसली तरी रीच एकच. तुमचं 'वेळा' आणि जुनी शाईंचं 'जणांपर्यंत' या दोन शब्दांत सगळा फरक आहे, आणि तो बोलीपुरता नाही, हिशोबाचा आहे.

ताई, मी गेली काही वर्षं अशा जागांच्या मुलाखती घेतो, म्हणून विचारतो. ३,६०,००० हा आकडा आणला कुठून?

वारणाकाठ: महिन्याच्या रिपोर्टांतून. ऑगस्टमध्ये १,२०,०००, सप्टेंबरमध्ये १,३५,०००, ऑक्टोबरमध्ये १,०५,०००. तिन्हींची बेरीज केली.

आकडेमोड: हाच घोळ मला निम्म्या रिझ्युमेंत दिसतो. ऑगस्टमधला माणूस सप्टेंबरमध्येही तोच आहे. तीन रविवारी तासगावच्या गणपतीला एकूण किती पावलं वाजली ते मोजलं, तर तेवढे भाविक आले असं म्हणता येईल का? रीचची बेरीज करायची नसते. फेसबुकच्या Ads Manager मध्ये वर तारखेच्या चौकटीत १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर निवडा आणि तिन्ही महिन्यांचा मिळून Reach बघा. शेजारी Impressions आणि Frequency हे स्तंभही लावा.

वारणाकाठ: बघितलं. Reach १,६४,०००. Impressions ६,५६,०००. Frequency ४.

आकडेमोड: म्हणजे निम्म्याहून कमी. तुमचं काम मात्र तेवढंच राहिलं, शब्दाची बाजू मांडता येईल असा आकडा मिळाला इतकंच. आता लिहा: 'तीन महिन्यांत जाहिरात सुमारे १,६४,००० जणांपर्यंत पोहोचली, प्रत्येकाला सरासरी चार वेळा दिसली.' 'सुमारे' मुद्दाम ठेवा. मेटा हा आकडा अंदाजाने काढते आणि खरं तर माणसं नव्हे, खाती मोजते. समोरच्याला हे ठाऊक असेल तर त्या एका शब्दाने तुम्हालाही ठाऊक आहे हे त्याला कळतं.

अंगावर येणारा आकडा कसा पकडला जातो ते सांगतो. २०११च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास होती, तान्ह्या मुलांसकट. एका उमेदवाराने 'सांगली जिल्ह्यात ३५ लाख पोहोच' लिहिलं होतं. मी त्याला Frequency विचारली, तर त्याने तो स्तंभ कधी उघडलाच नव्हता.

कंदी_सातारा: मी साताऱ्यातून. आमचं पेढ्यांचं घरगुती काम आहे. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर 'एक किलो पाठवा' असा निरोप येतो, तीच चौकशी आणि तीच ऑर्डर. त्यामुळे 'लीड'ला काय म्हणायचं हा प्रश्नच पडला नाही. तुमच्याकडे लीड आणि विक्री वेगळी आहे का?

वारणाकाठ: हो. फॉर्म भरून नाव-नंबर आला की लीड, अशा ४५० आल्या. मग शोरूममधून फोन जातो, माणूस येऊन ब्लोअर बघतो, काहीजण बुक करतात. लीडला मराठीत 'चौकशी' लिहू का?

जुनी शाई: 'चौकशी' उत्तम आहे. दुकानदार आपसूक म्हणतो, आज किती चौकशा आल्या. फक्त संस्थेच्या कागदावर 'माझ्या काळात ४५० चौकशा' असं आलं की वाचणारा दचकेल, कारण तिथे चौकशी लागते ती गैरव्यवहाराची. 'ग्राहकांच्या चौकशा' असं जोडून लिहा, प्रश्न मिटला.

आणि 'प्रति लीड खर्च' कशाला? आपल्याकडे एकरामागे, टनामागे, क्विंटलमागे असं माणूस रोज बोलतो. 'चौकशीमागे १२० रुपये' लिहा. भाषा इतकी तयार असताना 'प्रति' कशाला आणायची.

आकडेमोड: 'चौकशीमागे' मलाही पटलं. पण 'चौकशी' म्हणताच एक प्रश्न उभा राहतो. ४५० पैकी खरी किती?

वारणाकाठ: ९० फॉर्म वाया गेले. काही नंबर बंद, काही माणसांनी दोनदा भरलेले. फॉर्ममध्ये नंबर प्रोफाइलवरून आपोआप येतो ना, अनेकांचा तिथला नंबर जुनाच असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये मी फॉर्मचा प्रकार Higher intent केला. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासून पाठवावी लागते. पण त्याने दर वाढला. आधीचे दोन महिने ३३,००० रुपयांत ३०० चौकशा, म्हणजे ११० रुपये. ऑक्टोबरमध्ये २१,००० रुपयांत १५०, म्हणजे १४०. मालक नाराज झाले होते. म्हणून रिझ्युमेत मी सरासरी १२० टाकली, वाढ दिसू नये म्हणून.

आकडेमोड: वाया गेलेले ९० कोणत्या महिन्यांतले?

वारणाकाठ: ८० पहिल्या दोन महिन्यांतले, १० ऑक्टोबरचे.

आकडेमोड: मग हिशोब मांडा. पहिल्या दोन महिन्यांत खऱ्या चौकशा २२०, खर्च ३३,०००, म्हणजे खऱ्या चौकशीमागे १५० रुपये. ऑक्टोबरमध्ये खऱ्या १४०, खर्च २१,०००, पुन्हा १५० रुपयेच. मालकाला पैशाचा तोटा काहीच झाला नाही. उलट फोन करणाऱ्या पोराचे फुकट फोन वाचले. आधी जवळजवळ दर चौथा फोन वाया जायचा, ऑक्टोबरमध्ये पंधरातला एक. तुम्ही जे लपवत होता तेच तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे. ते रिझ्युमेत वर आणा. 'वाया जाणारे फोन २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या खाली आले, खऱ्या चौकशीमागचा खर्च तोच राहिला.'

एक अडचण सांगून ठेवतो. Ads Manager चा खर्च जीएसटीशिवायचा असतो. वर १८ टक्के लागतात, म्हणजे ५४,००० चे मालकाच्या खिशातून ६३,७२० गेले. कोणी विचारलं तर 'कराआधीचा खर्च' म्हणा.

हळदपेठ: आणि ६ टक्के रूपांतर कशाचं? साडेसात हजार क्लिकांतून ४५० फॉर्म?

वारणाकाठ: बरोबर, तेच.

हळदपेठ: मग माझंही काहीतरी बरोबर आलं. पण मी त्याला रूपांतर म्हणणार नाही. शोरूममध्ये किती आले?

वारणाकाठ: ७२ जण आले, १८ ब्लोअर बुक झाले.

आकडेमोड: पहा, एकाच कामाच्या चार वेगवेगळ्या टक्केवाऱ्या झाल्या. क्लिकचा फॉर्म झाला ते ६ टक्के. खरी चौकशी शोरूमपर्यंत आली ते २० टक्के. खऱ्या चौकशीचं बुकिंग झालं ते ५ टक्के. सगळ्या ४५० मधून बुकिंग धरलं तर ४ टक्के. 'रूपांतर दर' एवढाच शब्द लिहिला तर वाचणारा यातलं कुठलंही धरेल, आणि बहुतेक विक्रीच धरेल. तुम्ही ६ म्हणालात आणि मुलाखतीत बुकिंग १८ निघालं, तर खोटं न बोलताही तुम्ही खोट्या ठराल.

जुनी शाई: शब्दाच्या बाजूनेही 'रूपांतर' मला नको. कथेचं नाटकात रूपांतर होतं, चौकशीचं होत नाही. दुकानात म्हणतात, 'चौकशी केलेल्या वीसातला एक गिऱ्हाईक झाला.' तेच लिहा.

कंदी_सातारा: मला 'गिऱ्हाईक' रिझ्युमेत जरा बाजारी वाटतं. 'ग्राहक' बरं.

जुनी शाई: अर्जात 'ग्राहक' चालेल. पण 'झाला' हे क्रियापद सोडू नका.

वारणाकाठ: राहिला फॉलोअर्सचा आकडा. पेजवर १,९०० होते, ४,७५० झाले. '१५० टक्के वृद्धी' ठेवू, की 'अडीचपट वाढले' लिहू?

हळदपेठ: अडीचपट वाढले म्हणजे १,९०० मध्ये आणखी अडीचपट, म्हणजे ६,६५० होतील. 'दीडपट वाढले' हवं.

जुनी शाई: छे, 'दुपटीने वाढले' म्हणजे बोलीत दुप्पट झाले असंच समजतात. 'अडीचपट वाढले' म्हणजे अडीचपट झाले.

आकडेमोड: माझ्याकडे आलेल्या रिझ्युमेंत दोन्ही अर्थांनी वापरलेलं पाहिलंय, म्हणून मी 'पट' आणि 'टक्के' दोन्ही टाळायला सांगतो. '१,९०० वरून ४,७५०' लिहा, बस. टक्क्याला पाया लागतो. ८० फॉलोअरचे २०० झाले तरी १५० टक्केच. आणि ते वाढले कशाने?

वारणाकाठ: त्यातले पंधराशेच्या वर एका बैलगाडा शर्यतीच्या रीलमुळे आले. शोरूमच्या मालकांचा खोंड पळाला होता. ती रील पुणे आणि नगरकडे फार चालली. त्यांतून ब्लोअरची चौकशी जवळजवळ नाहीच.

आकडेमोड: मग ते कामाच्या ओळीत घेऊ नका, किंवा घेतलं तर रीलचं म्हणूनच घ्या.

हळदपेठ: मी तर घेतलंच असतं. फॉलोअर ते फॉलोअर. रील केली कोणी? तिनेच ना.

वारणाकाठ: सगळ्यांचं धरून आता असं केलंय:

"ऑगस्ट ते ऑक्टोबर: ब्लोअरची जाहिरात सुमारे १,६४,००० जणांपर्यंत पोहोचली, प्रत्येकाला सरासरी चार वेळा दिसली. ५४,००० रुपये (कराआधी) खर्चून ग्राहकांच्या ४५० चौकशा आल्या, त्यांतल्या ३६० खऱ्या. खऱ्या चौकशीमागे १५० रुपये. फॉर्म बदलल्यावर वाया जाणारे फोन २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांखाली आले. ७२ जण शोरूममध्ये आले, १८ ग्राहक झाले. पेजचे फॉलोअर १,९०० वरून ४,७५०, वाढीतले निम्म्याहून अधिक एका रीलमुळे."

जुनी शाई: 'खर्चून' छान आलं. 'वाया जाणारे फोन' वाचताना मोबाइल बिघडले असं वाटतं. 'वाया जाणारे कॉल' करा.

आकडेमोड: कॉल बरं. आणि मुलाखतीला जाताना त्या तीन महिन्यांच्या तारखा निवडलेला स्क्रीनशॉट सोबत न्या. मालकांना विचारून, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकून.

हळदपेठ: 'दुपटीने'चं मात्र मला अजून पटलेलं नाही. उद्या आडतीवर विचारतो, तिथे हळदीचा भाव दुपटीने वाढला म्हणतात तेव्हा नेमका किती धरतात ते.