टीपीओ सरांच्या पद्धतीने जाहिराती मोजल्या. कॅडचा कोर्स करू की क्वालिटीत जाऊ?

मेक_शेवटचं_वर्ष
मी संभाजीनगरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या टीपीओ सरांनी मागच्या शनिवारी दोन तास एकच गोष्ट शिकवली: क्षेत्र निवडण्याआधी जाहिराती वाचा. एक पद आणि एक परिसर धरायचा आणि प्रत्येक जाहिरातीची वहीत एक ओळ लिहायची: तारीख, कंपनी, अनुभव, काय यायला हवं. सरांनी एक जाहिरात पडद्यावर उघडली. मथळ्यात ‘फ्रेशर’ आणि खाली ‘किमान दोन वर्षं अनुभव’. अशा ओळी खोडल्यावर उरेल तो तुमचा बाजार, असं ते म्हणाले.

मी वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा धरून मोजलं. डिझाइनच्या ६० जाहिराती निघाल्या. एकाच जागेचा मजकूर दोन-तीन कन्सल्टन्सींनी टाकलेला होता, तो काढल्यावर ३४ राहिल्या आणि फ्रेशरला खरंच घेणाऱ्या फक्त ४. क्वालिटीच्या ४५ मधून २७ राहिल्या, त्यात फ्रेशरसाठी ११.

मला डिझाइन आवडतं. कॅडच्या कोर्सची फी ४० हजार आहे आणि बाबांना ती कर्ज काढून भरावी लागेल. या मोजणीवर किती विसंबू?

पुण्याचा_आयटीवाला
११ आणि ४, यात विचार करण्यासारखं काय आहे? जाहिराती जास्त तिथे मागणी जास्त. क्वालिटी घे, ४० हजार वाचव.

लेकाची_आई
माझ्या मुलाचा डिप्लोमा झालाय, आता थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचाय. जाहिरातीत ‘डीएमई / बीई’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. मग डिग्रीची तीन वर्षं घालवून पगार तोच मिळणार का? कोणी सांगेल का?

प्लेसमेंट_१४_वर्षं
ताई, त्या एका जागेवर बहुतेक वेळा पगार तोच असतो, कारण कंपनीने काम डिप्लोमाचं धरलेलं असतं. फरक पुढे, बढतीच्या वेळी पडू शकतो. तुमचा प्रश्न या धाग्यालाही लागू आहे. मेक, तुझ्या ११ मध्ये ‘डीएमई / बीई’ किती आहेत ते बघ.

आयटीवाले दादा, जास्त जाहिराती म्हणजे जास्त मागणी, हे अर्धंच खरं आहे. माणसं टिकत नसली तरी जाहिराती वाढतात. नवी लाइन सुरू होत असेल तर तीच कंपनी एकाच वेळी प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी अशा वेगवेगळ्या जागा भरते. तीच एक जागा दर दोन महिन्यांनी परत येत असेल, तर माणूस का गेला हे तिथल्या सीनियरला विचारायचं. एप्रिलची पगारवाढ हातात पडली की बरेच जण नोकरी बदलतात, म्हणून मे-जूनच्या मोजणीत नव्या जागा कमी आणि रिकाम्या झालेल्या जास्त असतात. पंधरा दिवसांनी पुन्हा मोज.

शिवाय, वाळूजमधल्या छोट्या व्हेंडरकडच्या जागा साइटवर येतच नाहीत. त्या ओळखीने, गेटवर किंवा कॉन्ट्रॅक्टरमार्फत भरतात. त्यामुळे ४ म्हणजे चारच नोकऱ्या, असं धरू नकोस.

वाळूजकर
आठ वर्षं क्वालिटीत आहे. फ्रेशर असताना पहिले सहा महिने मी इनकमिंगला पार्ट मोजले: हातात व्हर्नियर, समोर ड्रॉइंग, रिपोर्टवर सही. इंटरव्ह्यूत ड्रॉइंग पुढे सरकवतात आणि एका मापावर बोट ठेवून विचारतात, हे कशाने मोजशील? तिथे बरेच जण अडकतात. कॅडची कमांड कोणी विचारत नाही.

पण मित्रा, एक सांगतो. मला दोन वर्षांनी डिझाइनला जायचं होतं, जमलं नाही. डिझाइनवाले डिझाइनचाच अनुभव मागतात.

मेक_शेवटचं_वर्ष
रात्री पुन्हा बघितलं. ११ पैकी ७ ‘डीएमई / बीई’ आहेत. उरलेल्या ४ पैकी एक थर्ड पार्टी पेरोलवर. म्हणजे बीई म्हणून कंपनी रोलवर फक्त ३. डिझाइनच्या चारही जाहिराती बीई मागतात, पण दोन महिनाभर जुन्या आहेत आणि अर्जदार शंभराच्या वर दिसतात.

प्लेसमेंट_१४_वर्षं
आता मोजणी बरोबर झाली. त्या ४ डिझाइनच्या जाहिराती शब्द न् शब्द वाच. कोणतं सॉफ्टवेअर मागतात, शीट मेटल की प्लास्टिक की फिक्स्चर? कोर्सवाला तेच शिकवत नसेल तर फी भरू नकोस. कॉलेजच्या लॅबमध्ये कॅडचं लायसन्स असेल तर एक फिक्स्चर स्वतः मोजून, मॉडेल करून, टॉलरन्ससकट ड्रॉइंग काढ. ते दोन्हीकडच्या इंटरव्ह्यूत दाखवता येईल.

वाळूजकर
सर, लॅबचं मॉडेल आमच्याकडे कोणी बघत नाही. ओळखच लागते.

प्लेसमेंट_१४_वर्षं
माझ्या मुलांचं बघितलेलं आहे, पण ते टूलरूमवाल्या कंपन्यांत. तुमच्याकडे वेगळं असू शकेल.

मेक_शेवटचं_वर्ष
लॅबमध्ये लायसन्स आहे. सोमवारी वर्कशॉपमधलं ड्रिलिंगचं जिग मोजायला घेतो. फी भरायची शेवटची तारीख ३० आहे, त्याआधी दुसरी मोजणी इथेच टाकतो.