अंड्यांच्या खोक्यावरची लेबले: कोंबडीला नक्की काय मिळते?

वैशाली: अंड्यांच्या खोक्यावर ‘फ्री रेंज’ लिहिलेले असले, तर त्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात असे समजायचे का? देशमुखकाका, आपण पशुवैद्यक आहात, म्हणून विचारते.

देशमुखकाका: तसे समजू नये. कोंबडी बाहेर गेली की नाही हे लेबल सांगत नाही. तिच्यासाठी दार उघडे होते, एवढेच सांगते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ६,००० कोंबड्यांची एक शेड घेऊन पाहू. पिंजरे नसलेल्या शेडमध्ये वापरण्याजोग्या जागेच्या दर चौरस मीटरला जास्तीत जास्त ९ कोंबड्या चालतात, म्हणजे ६,००० कोंबड्यांना सुमारे ६६७ चौरस मीटर पुरतात, आणि त्यात एकावर एक रचलेले मजलेही मोजले जातात. केज-फ्री म्हणजे साधारण एवढेच. बाहेरच्या उन्हाची हमी त्यात नाही.

याच शेडला फ्री रेंज म्हणवायचे असेल, तर दर कोंबडीमागे ४ चौरस मीटर याप्रमाणे २.४ हेक्टर मोकळी जमीन लागते आणि बाहेर जाण्याच्या झरोक्यांची एकूण रुंदी १२ मीटर असावी लागते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या व्याख्येत मात्र अंडी देण्याच्या संपूर्ण काळात बाहेर जाण्याची सोय हवी, एवढेच आहे. जागा किती, याचा आकडा नाही.

मंदार: दार उघडे असेल, तर त्या बाहेर का जात नाहीत?

देशमुखकाका: कळप मोठा असला की आत दूर बसणाऱ्या कोंबड्या झरोक्यापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय कोंबडीचे पूर्वज रानातले. उघड्या माळावर तिला वरून घारीची भीती वाटते, त्यामुळे झाडझुडूप नसेल तर ती भिंतीलगतच राहते. फार्मवर गेलात तर जमीन पाहा: शेडलगतचे गवत पार उडालेले आणि दूरचे जसेच्या तसे असेल, तर काय ते समजावे.

सुनंदाताई: मग ऑरगॅनिक त्याहून चांगले का?

देशमुखकाका: युरोपात बऱ्याच अंशी होय. रासायनिक कीटकनाशकांविना पिकवलेले खाद्य तर हवेच, पण शेडमध्येही चौरस मीटरला ६ पेक्षा जास्त कोंबड्या नकोत, एका कप्प्यात ३,००० हून अधिक नकोत, म्हणजे आपली शेड मधोमध विभागावी लागेल, आणि सरसकट चोची छाटण्यास मनाई आहे. नुसत्या केज-फ्री किंवा फ्री रेंज या शब्दांत चोचीबद्दल काहीच येत नाही. अंडी न देणाऱ्या नर पिल्लांचे हॅचरीत काय होते, यावर तर तिन्ही शब्द गप्प आहेत, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते.

वैशाली: खोक्यावरची हिरवी कुरणे पाहून आपण भुलतो खरे!

देशमुखकाका: चित्राला नियम लागू नसतो. युरोपातल्या अंड्यावर शिक्का असेल, तर त्यातला पहिला अंक वाचा: ० म्हणजे ऑरगॅनिक, १ फ्री रेंज, २ शेडमध्ये मोकळ्या आणि ३ पिंजऱ्यातल्या.