अनुभव धागा: शेवटच्या एका बटणावर गेम संपतो तेव्हा

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गोष्टीचा गेम केलाय किंवा करताय अशांनी लिहा. एकाच गोष्टीला दोन-तीन शेवट द्यायचे, पण खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा शेवट मी इथवर जे केलं त्यातून आला. शेवटच्या पानावर दोन बटणं आली आणि एक दाबलं म्हणून नव्हे. तुमचं काय जमलं, काय फसलं? आधी माझं फसलेलं सांगतो.

माझा गेम साधारण ४० मिनिटांचा, फक्त मजकुराचा, इंक नावाच्या गेम लिहायच्या भाषेत लिहिलेला. पंचगंगेकाठचं गाव, पुराची रात्र. प्रकरणांना राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचीच नावं दिलीत: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, आणि त्यापुढं नुसतं ‘पाणी’. नायक शहरात राहणारा धाकटा मुलगा, आईला बाहेर काढायला आलाय. आई चंद्री म्हशीला सोडून यायला तयार नाही. शिवाय पोरानं मळ्याचा विसार घेतलाय आणि आईला सांगितलेलं नाही.

पहिल्या खेपेला बोट दारात आल्यावर तीन बटणं दिली होती: आईला ओढून बसव, म्हशीचं दावं सोड, किंवा एकटा जा. सात जणांना खेळायला दिलं. सातही जणांनी बोटीच्या आधी सेव्ह करून तिन्ही शेवट पाहिले आणि मग मला विचारलं, ‘यातला खरा कुठला?’ मावसभाऊ तर म्हणाला, ‘मधला अर्धा तास मी झोपलो असतो तरी चाललं असतं की.’ लई लागलं ते.

मग बटणं काढली आणि ‘माया’ नावाचा आकडा ठेवला. आईशी चांगलं वागलं की एक गुण, सहा झाले की आई आपणहून बोटीत बसते. एका मैत्रिणीनं चहा करून दिला, कंदिलाची काच पुसली, गोधड्या माळ्यावर टाकल्या, असं करत सहा भरले. विसाराबद्दल मात्र शेवटपर्यंत थाप मारली. तरी आई हसत बोटीत बसली! चार कप चहात मळा विकल्याचं पाप धुऊन निघालं. इथं अडकलोय.

तालमीतला

भावा, गुणच ठेव, फक्त दाखवू नकोस. आकडा दिसला की माणूस हिशेब करून खेळतो. माझ्या कुस्तीच्या गेममध्ये ‘दम’ आणि ‘इमान’ असे दोन आकडे आहेत, दोन्ही लपवलेत. कुणाला पत्ता लागत नाही. सहाऐवजी आठ कर, म्हणजे चहावाले गळतील.

कंदीलवाला

मूळचा शाहूपुरीचा, सध्या पुण्यात गेमच्या कामातच आहे. तालमीतला म्हणतात ते लपवण्याबद्दल बरोबर आहे. आठ केल्यानं मात्र काही होणार नाही, लोक आठ चहा करतील. खोट बेरजेत आहे. बेरजेला सगळ्या गोष्टी सारख्या वाटतात. काच पुसणं आणि विसार कबूल करणं एकाच गल्ल्यात टाकलं की आठवण मरते, नुसती शिल्लक उरते. आणि ज्याचे पाच झाले त्याला आपण एका गुणानं का नापास झालो ते कधीच कळत नाही.

मी अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारतो: आई बोटीत बसायला नाही का म्हणते? तुमच्या गोष्टीत मला दोनच कारणं दिसतात. पोरावर विश्वास नाही आणि चंद्रीला सोडवत नाही. मग त्या दोनच गोष्टी लक्षात ठेवा. विसाराचं सांगितलं का, आणि गोठ्यात गेला का. चहा राहू द्या, वातावरणाला बरा आहे, पण शेवटाच्या हिशेबात नको.

दुसरं असं की शेवट ठरतो कुठं आणि दिसतो कुठं, यात अंतर पाहिजे. तुमचा शेवट ४३ फुटांपर्यंत ठरून गेलेला असावा आणि बोट आल्यावर तो फक्त दिसावा. शेवटचं बटण काढायची गरज नाही. सगळ्यांना एकच वाक्य द्या: ‘आई, चल.’ उत्तर प्रत्येकाला वेगळं मिळू दे.

सायलेंट हिल २ (२००१) हा जुना गेम यासाठी बघण्यासारखा आहे. तो खेळणाऱ्याला न सांगता बघत राहतो. जखमी असून बराच वेळ औषध न घेता फिरलात, वाटेत भेटलेल्या मुलीनं दिलेला चाकू पुन्हापुन्हा काढून पाहिलात, की एका विशिष्ट शेवटाकडं झुकायला लागतो. बटण कुठंच नाही. पण वागणं आणि शेवट एकाच जातीचे आहेत: जिवावर उदार झालेला माणूस. म्हणून कारण माहीत नसतानाही तो शेवट पटतो.

मीनाकाकू_राजारामपुरी

छान धागा. माझ्या नातवाच्या गेममध्ये तीन शेवट आहेत म्हणे, दोन आले, तिसरा येईना. सुट्टीभर तेच चाललंय, जेवायला उठत नाही. तो तिसरा कसा आणायचा कुणी सांगेल का?

कंदीलवाला

काकू, कुठला गेम?

संगीत_केशवराव_पडदा

मी गेमवाली नाही, एकांकिका बसवते. पण असाच एक प्रयोग केला होता म्हणून लिहिते. मुलगी नोकरीसाठी परगावी जाते की घरीच राहते, हे प्रेक्षकांनी टाळ्यांनी ठरवायचं. दोन्ही शेवट तालमीत चोख बसले होते. ‘जाते’ आलं त्या दिवशी नाट्यगृह उभं राहिलं. ‘राहते’ आलं त्या दिवशी शांतता, कुणीतरी मागून ‘का पण?’ म्हणालं.

घरी येऊन संहिता वाचली तेव्हा कळलं. पहिल्या भागात तिची बॅग, तिचं पत्र, तिचं बसचं वेळापत्रक, सगळं जाण्याचंच होतं. घरी राहावंसं वाटावं असं एकही वाक्य नव्हतं. मग एक छोटा प्रसंग घातला, ती वडिलांच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधते. तेवढ्यानं ‘राहते’ उभा राहिला. प्रत्येक शेवटाचं बी आधी पेरलेलं लागतं, आणि ते बी सगळ्यांना दिसेल अशा वाटेवर पाहिजे.

कंदीलवाला

‘सगळ्यांना दिसेल अशा वाटेवर’ हे नाटकात जमतं. गेममध्ये निम्मे लोक तो प्रसंग चुकवतात. त्यामुळं चुकवणं हीसुद्धा निवड वाटली पाहिजे. आई म्हणते, ‘धार काढायचीय, कंदील धरायला येतोस?’ आणि त्याच वेळी फोन वाजतो. गोठ्यात न जाणाऱ्याला माहीत असतं की आपण गेलो नाही.

तालमीतला

एक कबुली. काल रात्री माझा गेम परत तपासला. तीन शेवट लिहिलेत, पण एक कुणालाच मिळालेला नाही. मला वाटत होतं अवघड आहे म्हणून. अवघड कसला, माझीच चूक. धागाकर्त्याच्या नावांनी लिहायचं तर असं झालं होतं:

```
{
- sangitla: -> shevat_hodi
- sangitla && gotha: -> shevat_davan
- else: -> shevat_ekta
}
```

इंक वरून खाली बघत येतं आणि पहिली जुळणारी ओळ लागली की तिथनंच निघून जातं. `sangitla` खरं असलं की पहिलीच ओळ लागते, दुसरीपर्यंत कुणी पोचतच नाही. दोन अटींची ओळ वर घेतली आणि शेवट मिळायला लागला. दोन महिने ‘लोकांना खेळता येत नाही’ म्हणत बसलो होतो.

बेरजेचं मात्र मी अजून सोडलेलं नाही. कुस्तीत दम हा रोज थोडा थोडाच साठतो. ते बेरजेसारखंच आहे की.

कंदीलवाला

दमाला बेरीज चालेल, ते मान्य. जे मुळात साठतच येतं ते साठवा. इमान साठत नाही, एकदा मोडलं की मोडलं.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

आठवडाभर बसून बदललं. काय झालं ते सांगतो.

आता ३९ फुटांच्या प्रकरणात आई कंदील धरायला बोलावते. गेलात तर ती धार काढताना चंद्रीशी बोलते आणि दाव्याची गाठ कशी मारलीय ते दाखवते: ‘वडलांची गाठ हाय ही, ओढली की आवळती, आत ढकलली की सुटती.’ एवढंच. ४३ फुटांवर ती मळ्यातल्या उसाचं विचारते, तिथं सांगायचं किंवा विषय बदलायचा.

बोट आल्यावर सगळ्यांना एकच ओळ: ‘आई, चल.’ विषय बदललेल्याला ती म्हणते, ‘तू हो पुढं, मळ्याचं बघायला कोणतरी पाहिजे.’ तिला सगळं आधीच कळलेलं असतं. ज्यानं सांगितलंय त्याच्यासोबत ती येते, पण पाठ करून बसते आणि मागून चंद्रीचा आवाज येत राहतो. सांगितलंय आणि गोठ्यातही गेलाय, त्याच्यासाठी कंबरभर पाण्यात, अंधारात, गाठ आत ढकलायचा प्रसंग येतो.

अकरा नव्या लोकांना दिलं. खेळून झाल्यावर एकच विचारलं: असं का झालं? आधी सगळे बोटीचं बोलायचे. आता आठ जणांनी ऊस नाहीतर गोठा सांगितला. परत मागं जाऊन खेळणारे दोघंच निघाले, आणि ते बोटीपाशी नाही, थेट कंदिलापाशी गेले.

दोन गोष्टी अजून खटकतात. एक, एकटं जाण्याचा शेवट चार ओळींचा होता आणि चंद्रीचा दीड पानांचा. लोकांना वाटलं गेम आपल्याला रागावला. आता एकट्याचा शेवटही तेवढाच लिहितोय, सकाळी निवारा केंद्रात त्याला चहा कुणीतरी परकं माणूस देतं तिथपर्यंत. दुसरं, एक बाई गोठ्यात गेल्या, गाठ शिकल्या, पण विसाराचं बोलल्या नाहीत. त्या `else` मध्ये पडल्या. म्हणाल्या, ‘मग ती गाठ मला कशाला शिकवली?’ त्यांच्यासाठी चौथा शेवट लिहू का?

कंदीलवाला

नको. शेवट तोच ठेवा, आत एक परिच्छेद बदला. बोट निघताना त्याचा हात नुसत्या हवेत गाठ ढकलायची हालचाल करतो. त्यांनी शिकलेलं वाया गेलं नाही आणि कामालाही आलं नाही, दोन्ही खरं. चौथ्या शेवटासाठी नव्यानं सगळं पेरायला लागेल, आणि ४० मिनिटांत ते बसेलसं मला वाटत नाही.

उंडगा_गेमर

मी वेगळं बोलतो. मी फक्त खेळतो, बनवत नाही. मला शेवटी बटण पाहिजे. तुम्ही सगळं आधीच ठरवून ठेवता आणि शेवटी मला निकाल वाचून दाखवता, शाळेतल्यासारखा. समजा मी विषय बदलला, पण पाणी दारात आल्यावर मला पश्चात्ताप झाला तर? माणूस बोटीत पाय ठेवतानाही खरं बोलू शकतो की.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

याला माझ्याकडं उत्तर नाही. ‘आई, चल’च्या जागी ‘आई, मळ्याचं सांगायचं होतं’ असंही एक वाक्य ठेवावं आणि तिनं ‘आत्ता?’ म्हणावं, असं मनात येतंय. पण मग पुन्हा सगळे तिथंच सेव्ह करतील.

संगीत_केशवराव_पडदा

ठेवा. ‘आत्ता?’ नंतर काय होतं ते मला बघायचंय.

मीनाकाकू_राजारामपुरी

नातू नाव सांगत नाही. म्हणतो, आजी, तू विचारलंस तर मजा जाईल. पण काल पहिल्यापासून परत खेळायला बसलाय, ह्यावेळी कुठल्यातरी म्हाताऱ्याशी नीट बोलतोय.