मदत हवी आहे: नवीन घरात प्रत्येक नळाला मॅनिफोल्डपासून वेगळी लाईन घ्यावी की नेहमीसारखं एकाच लाईनीला टी जॉईंट मारत जावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी, नाशिकला आमचं घर बांधायला घेतलंय, तळमजला आणि वर एक मजला, आता वीटकाम संपलंय आणि पुढच्या आठवड्यात प्लंबर भिंतीला घाव घालणार आहे म्हणून जरा घाईने विचारतेय.

खाली किचन, युटिलिटी आणि एक टॉयलेट, वर दोन बाथरूम. टाकी टेरेसवर ४ फुटी स्टँडवर, सोलर पण टेरेसवरच. प्रेशर पंप नाहीये आणि लाईट जाते त्यामुळे शक्यतो नकोच आहे.

आमचा प्लंबर म्हणतो की खाली युटिलिटीत एक मोठा मॅनिफोल्ड, म्हणजे बरीच तोंडं असलेला जाड पाईप, लावू, टाकीतून सव्वा इंची लाईन खाली आणू आणि तिथून प्रत्येक नळाला १२१६ ची अखंड कॉम्पोझिट लाईन नेऊ, गरम थंड वेगळे, प्रत्येकाला स्वतःची चावी. त्याने हे एका बंगल्यात केलंय म्हणे. मिस्त्री म्हणतो काही नको, सीपीव्हीसी घ्या, टी मारा, आयुष्यभर तेच करत आलोय.

मला मॅनिफोल्ड आवडतोय त्याचं कारण सांगते. बाबांच्या फ्लॅटमध्ये बेसिनमागे भिंतीतला एक टी पाझरायला लागला. आधी बेडरूमच्या बाजूला कपाटामागे रंगाचा फुगा आला, बोटाने दाबला तर आतून ओला पिठासारखा भुगा पडला. नक्की कुठून येतंय ते कळेपर्यंत १४ टाईल्स फोडल्या आणि तीन दिवस दोन्ही बाथरूमचं पाणी बंद, कारण दोघांना मिळून वर एकच व्हॉल्व्ह. आई कंबर धरून किचनमधून बादल्या भरत होती. ते परत नकोय मला. जाणकारांनी सांगा प्लीज.

जर्सीकर:
ताई, डोळे झाकून मॅनिफोल्ड करा. आमच्या इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये पॅनेल आहे, लाल निळे पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे पाईप निघतात, प्रत्येकावर नाव लिहिलंय. गेल्या हिवाळ्यात वरच्या बेसिनचा नळ बदलला, खाली जाऊन एक चावी फिरवली, बाकी घर चालू. जॉईंट फक्त दोन टोकांना, भिंतीत काहीच नाही. शॉवर चालू असताना कोणी फ्लश केला तरी अंगावर एकदम चटका बसत नाही हा पण मोठा फायदा.

गोट्या७७:
+१. आणि मॅनिफोल्डने प्रेशर पण वाढतं. टी मध्ये पाणी वाटलं जातं ना, पहिल्या नळाला जास्त आणि शेवटच्याला थेंब थेंब. वेगळी लाईन दिली की प्रत्येकाला फुल प्रेशर. माझ्या मेहुण्याकडे बघितलंय.

सुमतीकाकू:
आमच्या सोसायटीतही वेगवेगळे व्हॉल्व्ह बसवले होते गं, पण सेक्रेटरी मेंटेनन्स थकला की पाणीच बंद करायचे, फार वाद झाले. तू चाव्या स्वतःच्या ताब्यात ठेव, बाहेर पॅसेजमध्ये अजिबात नको.

रानजाई:
काकू, स्वतंत्र घर आहे हो, सोसायटी नाही. मी घरातल्या घरात प्रत्येक नळाच्या चावीबद्दल विचारतेय. पण चाव्या घराच्या आत हव्यात हे मात्र पटलं, प्लंबर युटिलिटीच्या बाहेरच्या भिंतीवरच बॉक्स काढत होता.

पाणीवाला_सांगली:
ताई, थांबा जरा. मी २२ वर्षं हीच कामं करतोय, मॅनिफोल्डची पण केलीत, त्यामुळे मी त्याच्या विरोधात नाही. पण तुमच्या प्लंबरने सांगितलेली जागा तुमच्या घराला चुकीची आहे.

जर्सीकरांच्या नळाला म्युनिसिपालटीचं प्रेशर थेट येतं, साधारण ४ बार, म्हणजे ४० मीटर उंच टाकी असल्यासारखं. तुमच्याकडे काय आहे ते मोजा. स्टँड ४ फूट, मजल्याची उंची १० धरली आणि वरच्या बाथरूमचा शॉवर ७ फुटांवर, म्हणजे टाकीच्या बुडापासून शॉवरपर्यंत ७ फूट, जेमतेम २ मीटर. एवढीच पुंजी आहे, ती पाईपात उडाली की शॉवरला काही उरत नाही.

आता १२१६ म्हणजे आतून १२ मिलिमीटर. त्यातून मिनिटाला ८ लिटर पाणी न्यायचं तर दर मीटरला साधारण १५ सेंटिमीटर उंची खर्ची पडते. खालच्या युटिलिटीपासून वरच्या लांबच्या बाथरूमपर्यंत ५० फूट पाईप सहज लागेल, म्हणजे १५ मीटर, म्हणजे सव्वादोन मीटर उंची नुसत्या पाईपात गेली, तुमच्याकडे २ मीटरच आहे. तेव्हा ८ लिटर येणारच नाही, मिक्सर आणि शॉवरचं डोकं धरून ४-५ लिटर आलं तरी नशीब. हाच पाईप आतून १६ मिमीचा घेतला तर तेवढ्याच लांबीला अर्धा पाऊण मीटर जातो, एवढा फरक पडतो.

गोट्याभाऊ, प्रेशर कोणी वाढवत नाही, ते टाकीची उंची ठरवते. तुमचं निम्मं बरोबर आहे, दोन नळ एकत्र उघडले तर वेगळ्या लाईनवर एकमेकांचं पाणी कमी पळवतात. पण तेही मॅनिफोल्डला येणारी मेन लाईन दमदार असेल तरच. एकटा नळ उघडला तर जाड लाईनीवरच्या टी वर उलट जास्त पाणी येतं.

जर्सीकर:
हे मान्य, मी ग्रॅव्हिटीचा विचारच केला नाही. इथे २००६ साली पेक्सचं एक डिझाईन गाईड निघालं त्यातही असंच आहे, एक नळ चालू असेल तर टी वाल्या रचनेत त्याला जास्त प्रेशर मिळतं आणि अनेक नळ चालू असतील तर होम रनमध्ये, म्हणजे प्रत्येक नळाला वेगळी लाईन असताना, ते जास्त स्थिर राहतं. त्यात तिसरा प्रकार पण आहे, मोठी लाईन बाथरूमजवळ आणायची आणि तिथे छोटा मॅनिफोल्ड.

पाणीवाला_सांगली:
तेच सांगणार होतो. आणि गरम पाण्याचं तर बघाच. सोलर टेरेसवर, पाणी तिथून खाली युटिलिटीत उतरणार आणि परत वर बाथरूमला चढणार. खाली येणारी लाईन एक इंची धरली तरी ८ मीटरमध्ये साडेतीन लिटर गार पाणी साठलेलं असतं, वर जाणाऱ्या १५ मीटरमध्ये आणखी पावणेदोन. म्हणजे सकाळी पहिल्या अंघोळीला पाच लिटर ओतून द्यायचं. मग बाजूच्या बेसिनचा गरम नळ उघडला की त्याची वेगळी लाईन गारच, तिचे पावणेदोन लिटर पुन्हा वेगळे. टी असता तर मधली लाईन तोपर्यंत तापलेली असती. शिवाय खाली जाऊन वर येणारी लाईन कुठे कमान करून गेली तर तिथे हवा अडकते आणि एवढ्या कमी उंचीचं पाणी तिला ढकलू शकत नाही, मग नळ नुसता फुसफुसतो.

आपल्याकडे टेरेसवर टाकीतून आडवा हेडर काढून प्रत्येक बाथरूमला वेगळा डाऊनटेक, म्हणजे खाली उतरणारा पाईप, आणि त्यावर वेगळा व्हॉल्व्ह देतात ना, तो मॅनिफोल्डच आहे, फक्त छपरावर. तुमच्या बाबांच्या फ्लॅटला दोन बाथरूम एका व्हॉल्व्हवर होती, खरी चूक तिथे.

मी असं करेन. गार पाण्याचे टेरेसवरून तीन डाऊनटेक, दोन वरच्या बाथरूमचे आणि एक खालचा, एक इंची, प्रत्येकाला बॉल व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या पुढे हवेचा पाईप टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन सोडलेला. सोलरची लाईनही अशीच वरून थेट. वरच्या प्रत्येक बाथरूमच्या डक्टच्या बाजूला छोटा मॅनिफोल्ड, गरम थंड, उघडता येणाऱ्या झाकणाच्या बॉक्समध्ये. तिथून नळापर्यंत अखंड १२१६, दोन तीन मीटरच्या वर नाही, तेवढ्याला अर्धा मीटर उंची पण जात नाही. भिंतीत जॉईंट नाही आणि प्रत्येक नळाला चावी, तुम्हाला हवं ते दोन्ही मिळालं. खाली उंची भरपूर आहे, तिथे एकच मॅनिफोल्ड चालेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. बाबांच्या टाकीच्या नळाला अर्धा इंची ५० फुटी बागेचा पाईप लावा, टोक टाकीच्या बुडापासून ७ फूट खाली धरा आणि २० लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. मग १० फुटाचा तुकडा लावून तेच.

देवगडचा_राजा:
सगळं पटलं, पण कॉम्पोझिट पाईप मी घेणार नाही. आमच्याकडे पितळी फिटिंगमधली रबरी रिंग गेली आणि पाझरलं, तेही बॉक्समध्ये नाही, प्लास्टरच्या आत. सीपीव्हीसीचा जॉईंट नीट साफ करून चिकटवला, अर्धा मिनिट धरून ठेवला, तर २० वर्षं बघायला लागत नाही.

पाणीवाला_सांगली:
राजाभाऊ, रिंगवाली फिटिंग प्लास्टरमध्ये गाडलीच कशी? ती फक्त बॉक्समध्ये आणि नळाच्या टोकाला, तिथेही पाना लागेल अशी. कारागीर घाईत पाईप कापून आतली कड साफ करत नाहीत, ती कड रिंगला कापते, मग दोष पाईपाचा म्हणतात. टेरेसवर उन्हात मात्र कॉम्पोझिट उघडी टाकू नका, वरून झाकायची. आणि काहीही घ्या, प्लास्टरच्या आधी हातपंपाने ७-८ किलो प्रेशर भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरला असेल तर जॉईंट शोधा. ही चाचणी न करता गेले तर काम घेऊ नका.

देवगडचा_राजा:
कारागिराचीच तर भीती आहे ना दादा. तुम्ही असाल तर ठीक, आमच्या गावात कोण कड साफ करतंय. सीपीव्हीसी निदान सगळ्यांना येतं.

रानजाई:
काल संध्याकाळी बाबांच्या टेरेसवर करून आले. ५० फुटी पाईपने बादली भरायला २ मिनिटं ४० सेकंद. मग १० फुटाचा तुकडा लावला तर १ मिनिट १० सेकंद! बाबा घड्याळ धरून उभे होते, त्यांनी परत एकदा भरायला लावली, तेवढाच वेळ आला.

प्लंबरला फोन केला, तो आधी जरा नाराज झाला, म्हणाला तीन डाऊनटेक म्हणजे कोअर कटिंग वाढेल, मग म्हणाला बॉक्स वर घेतो. सोलरची लाईन वरूनच हे त्याला लगेच पटलं.

दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, किटलीत पांढरा थर बसतो, तर मॅनिफोल्डच्या छोट्या चाव्या जाम होतील का? आणि किचन वरच्या बाथरूमच्या खालीच येतंय, तर किचनसाठी खाली वेगळा मॅनिफोल्ड करायचा की त्याच डाऊनटेकला पुढे वाढवू?

पाणीवाला_सांगली:
चाव्या जाम होतात, क्षारवाल्या पाण्यात तर हमखास. दर दोन तीन महिन्यांनी प्रत्येक चावी पूर्ण बंद करून परत उघडायची, ते केलं नाही तर गरजेच्या दिवशी ती हलणार नाही. म्हणून टेरेसवरचा मोठा व्हॉल्व्ह चांगला घ्या, तो तुमचा शेवटचा आधार. किचनला त्याच डाऊनटेकवरून घेतलं तर वर शॉवर चालू असताना खालचा नळ जास्त पाणी ओढेल, कारण त्याला निदान १० फूट जास्त उंची मिळतेय. मी वेगळाच घेईन.

गोट्या७७:
पण एक इंचीऐवजी सव्वा इंची डाऊनटेक केला तर चालेल ना एकच?

पाणीवाला_सांगली:
फरक कमी होईल, जाणार नाही. किती कमी ते तुमच्या टाकीपासूनची आडवी लाईन किती लांब आहे त्यावर. ताई, टेरेसचा नकाशा हाताने काढून फोटो टाका, टाकी, सोलर आणि डक्ट कुठे आहेत तेवढं दाखवा.

रानजाई:
उद्या साईटवर जाते, टेप घेऊन मोजते आणि टाकते.